माफी वर्गाच्या ग्रुपवर, फोटो गावभर



मागच्या पालकसभेत हजेरी, वाचन आणि पोषण आहार हे नेहमीचे विषय संपल्यावर मी एक गोष्ट सांगितली. गोष्ट कॉलेजातल्या मुलाची. "बाई, आमची मुलं चौथीत आहेत, कॉलेजची गोष्ट आम्हाला कशाला?" असं एका आईने विचारलंच. मी म्हटलं, ताई, चौथीतल्या मुलाच्या घरात कॉलेजातला दादा असतो, ताई असते, आणि संध्याकाळी फोन याच्या हातातून त्याच्या हातात जातो. दादा काय करून हसतो ते धाकटा बघत असतो.

गोष्ट मी रचलेली आहे आणि पात्रं कल्पित आहेत. गावं मात्र आपलीच. आधी गोष्ट वाचा, मग मला त्यावर थोडं बोलायचं आहे.

बोईसरला राहणारा एक मुलगा रोज सकाळी लोकल पकडून पालघरला कॉलेजला जायचा. दुसरं वर्ष, कॉमर्स. अभ्यासात बरा, वर्गात सगळ्यांना हसवणारा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ७४ जण होते. नोट्स, परीक्षेच्या तारखा, "आज लेक्चर आहे का रे?" असलंच सगळं चालायचं. रात्री जेवण झालं की गंमत सुरू.

एका रात्री त्याने फोनमध्ये चेहरा बदलणारं ॲप घेतलं. त्याच्या मावसभावाचा नुकताच साखरपुडा झाला होता, त्याचा फोटो फोनमध्ये होताच. गॅदरिंगच्या ग्रुप फोटोतून त्याने वर्गातल्या एका मुलाचा आणि एका मुलीचा चेहरा उचलला. मुलीचं घर पास्थळला, वडील तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला. ती आणि तो मुलगा एका प्रोजेक्टवर एकत्र काम करत होते, तेवढ्यावरून वर्गात चिडवाचिडवी चालू होती. दोन मिनिटांत फोटो तयार झाला. हिरवी साडी, हातात अंगठी, गळ्यात हार, आणि चेहरे या दोघांचे. त्याने खाली लिहिलं, "अभिनंदन! पेढे कधी?" आणि सव्वानऊला ग्रुपवर टाकला.

हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला. कुणी लिहिलं, "ॲप कुठलं रे?" वर्गातल्या एकालाही तो फोटो खरा वाटला नव्हता. मुलीने मात्र फक्त एवढंच लिहिलं, "प्लीज काढ." त्याने वीसेक मिनिटं गंमत बघितली आणि मग फोटो सगळ्यांसाठी डिलीट केला. "सॉरी गं, मस्करी होती," असंही लिहिलं. त्याच्या लेखी विषय संपला होता.

पण तेवढ्या वेळात फोटो वर्गाबाहेर गेला होता. चौघांनी पाठवला होता. एकाने गावातल्या क्रिकेटच्या ग्रुपवर टाकला, एकीने आपल्या बहिणीला दाखवायला पाठवला, एकाने स्टेटसला ठेवला, एकाने दुसऱ्या कॉलेजातल्या मित्राला दिला. "पेढे कधी?" ही ओळ कुणीच सोबत पाठवली नाही. गेला तो नुसता फोटो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीचे वडील पहिल्या पाळीला निघाले. कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या माणसाने हात पुढे केला. "काय दादा, मुलीचा साखरपुडा केलात आणि आम्हाला कळवलंही नाही?" त्यांना वाटलं, माणूस चुकला असेल. त्याने फोन काढून फोटो दाखवला. त्याच्या मुलाच्या क्रिकेट ग्रुपवरून आला होता. वडील काही बोलले नाहीत. पाळी संपवून घरी आले आणि मुलीला फोटोबद्दल विचारलं. तिने रडत सगळं सांगितलं. त्यांचा तिच्यावर विश्वास बसला. मग ते म्हणाले, "खोटा आहे हे मला पटलं गं. पण मी किती जणांना पटवत बसू? चार दिवस घरीच राहा."

चार दिवसांचे पंधरा झाले. तिच्यासाठी एक स्थळ बघायचं चाललं होतं, तिकडून निरोप येणं थांबलं. ज्या मुलाचा चेहरा शेजारी लावला होता तोही कॉलेजात मान खाली घालून फिरू लागला, त्याच्याबद्दल मात्र कुणी फारसं विचारलं नाही.

फोटो बनवणाऱ्या मुलाला हे सगळं लोकलमध्ये तिच्या मैत्रिणीकडून कळलं. तो म्हणाला, "पण मी तर लगेच डिलीट केला होता. माफीपण मागितली." मैत्रीण म्हणाली, "माफी कुठे मागितलीस? वर्गाच्या ग्रुपवर. तिच्या बाबांच्या बसमध्ये कोण आहे वर्गातलं?"

त्या दिवशी त्याने वहीच्या शेवटच्या पानावर यादी करायला घेतली. कुणी कुणाला पाठवला? एकेकाला विचारत गेला. काहींनी टाळलं, काही खरं बोलले. यादी अकरा नावांपर्यंत गेली. मग त्याने आपल्या आईला सगळं सांगितलं आणि दोघं पास्थळला त्या घरी गेले. त्याने वडिलांसमोर मूळ साखरपुड्याचा फोटो ठेवला आणि यादीही. वडील बराच वेळ यादी बघत राहिले आणि म्हणाले, "मला सॉरी नको. हा फोटो जिथे जिथे गेला तिथे तिथे तुझ्या नावानिशी हे खोटं आहे म्हणून जाऊ दे." तसं त्याने केलं. क्रिकेटच्या ग्रुपवर मूळ फोटो आणि स्वतःचं नाव घालून लिहिलं. बसमधल्या त्या काकांना फोन केला. अकरापैकी नऊ ठिकाणी पोहोचता आलं. उरलेल्या दोन ठिकाणी फोटो पुढे कुणाकडे गेला ते कुणाला सांगता आलं नाही.

सोळाव्या दिवशी मुलगी कॉलेजला आली. गोष्ट इथे संपते.

सभेत पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे आली. "मुलांच्या हातून मोबाईलच काढून घ्यायला पाहिजेत." दुसरी त्याहून जुनी. "मुलीने फोटो काढून घ्यायचेच कशाला?" दुसऱ्या प्रतिक्रियेला माझं उत्तर असं की तो गॅदरिंगचा फोटो होता, त्यात अख्खा वर्ग उभा होता. फोटोत उभं राहणं ही चूक धरली, तर शाळेच्या भिंतीवरचा स्नेहसंमेलनाचा फोटोही आपल्याला उतरवावा लागेल. पहिल्या प्रतिक्रियेबद्दल एवढंच सांगते की मोबाईल काढून घेतला तरी तो फोटो वडिलांच्या बसमध्ये पोहोचलाच असता. तो मुलीच्या मोबाईलवरून गेलेला नव्हता.

माझं मत वेगळं आहे. अशा गोष्टी सांगताना आपण सगळा भर "खोटा फोटो ओळखायला शिका" यावर देतो. खोटा फोटो ओळखायला शिकवावं, यात वाद नाही. चेहरा बदलणारं ॲप डोळे, नाक, ओठ, हनुवटी यांच्या जागा शोधतं, नवा चेहरा त्या कोनात वळवून बसवतं आणि कातडीचा रंग जुळवून घेतं. त्यामुळे चूक राहते ती बहुधा कडेला. कानाजवळ, केसांच्या रेषेपाशी, चष्म्याच्या दांडीवर, किंवा चेहरा आणि मान यांच्या रंगात फरक दिसतो. पण व्हॉट्सॲपवर फोटो जाताना दाबून लहान होतो, दोन-तीन हातांतून फिरला की आणखी पुसट होतो, आणि बसमध्ये पहाटे हातभर अंतरावरून बघणाऱ्याला कानाची कड कुठून दिसणार?

आणि या गोष्टीत तर ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. वर्गातल्या ७४ जणांना फोटो खोटा आहे हे माहीत होतं. तरी नुकसान झालं. कारण "ही मस्करी आहे" ही माहिती फोटोत नव्हती, ती वर्गात होती. कोण कोणाला चिडवतं, प्रोजेक्ट कुणाचा, फोटो टाकणारा पोरगा कसा आहे, हे सगळं माहीत असल्यामुळे तो विनोद होता. फोटो एक पायरी पुढे गेला की हे सगळं मागे राहतं. तिसऱ्या पायरीवर तो विनोद उरत नाही, बातमी होते. म्हणून मी म्हणते, या गोष्टीत फोटो बनवणारा एक आहे, पण मस्करीची बातमी केली ती पुढे पाठवणाऱ्या चौघांनी. आपण धडा घेतो तेव्हा त्या चौघांना सोडून देतो, आणि आपली बहुतेक मुलं मोठी होऊन त्या चौघांपैकीच एक होणार असतात.

डिलीटबद्दलचा गैरसमज तर मोठ्यांमध्येही आहे. "सगळ्यांसाठी डिलीट" केलं की आपण पाठवलेला मेसेज त्या एका ग्रुपमधून जातो. त्यासाठी साधारण अडीच दिवसांची मुदत असते. पण मधल्या वेळात कुणी तो पुढे पाठवला असेल, तर पुढची प्रत तशीच राहते. कुणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर तोही राहतो, आणि काही फोनांत गॅलरीत उतरलेली प्रतही राहते. व्हॉट्सॲपने २०१८ पासून भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली, आणि फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर तशी खूणही दिसते. पण गॅलरीत उतरवून तिथून नव्याने पाठवला की खूण जाते आणि मोजणीही पुन्हा पहिल्यापासून होते. त्यामुळे "यावर फॉरवर्डची खूण नाही, म्हणजे ज्याने पाठवला त्याच्याकडचाच खरा फोटो आहे" असं समजू नका.

आता ग्रुपच्या ॲडमिनबद्दल, कारण आपण शिक्षक मंडळी कुठल्या ना कुठल्या पालक ग्रुपचे ॲडमिन असतोच. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये निकाल दिला. सदस्याने आक्षेपार्ह काही टाकलं, तर आधीपासून संगनमत असल्याशिवाय ॲडमिनला त्यासाठी गुन्हेगार धरता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. ॲडमिनच्या हातात सदस्य घेणं आणि काढणं एवढंच असतं, हे त्यामागचं एक कारण होतं. निकाल बरोबरच आहे. पण त्यानंतर व्हॉट्सॲपने ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी काढून टाकण्याची सोय दिली. म्हणजे गोष्टीतल्या वर्गात मुलीने "प्लीज काढ" लिहिलं, तेव्हा फोटो टाकणाऱ्याची वाट बघायची गरज नव्हती. वर्ग प्रतिनिधी ॲडमिन असेल, तर तो किंवा ती त्याच मिनिटाला काढू शकली असती. कायदा ॲडमिनला पकडत नाही हे खरं, पण बोट चालवण्यापासून अडवतही नाही.

"मग पोलिसांत जायचं का?" हा प्रश्न एका वडिलांनी विचारला. पालघरच्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर घाईने देता येत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये इथेच दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका पोस्टसाठी अटक झाली होती. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एकीने लिहिलं होतं आणि दुसरीने ते लाइक केलं होतं. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे तो खटला मागे पडला, आणि अटकेसाठी वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द ठरवलं. त्या खटल्याची सुरुवात पालघरच्या या अटकेपासून झाली होती. त्यामुळे "मनाला लागलं, उचला पोराला" हे सूत्र आपण तरी वापरू नये.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. फोटो अश्लील असेल तर तो प्रकार वेगळा. त्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ आणि ६७अ ही कलमं लागू होतात, आणि फोटो १८ वर्षांखालच्या मुलाचा किंवा मुलीचा असेल तर ६७ब आणि पॉक्सो. तिथे मस्करी, मैत्री, माफी यात वेळ घालवू नका. cybercrime.gov.in वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा. असा फोटो "पुरावा" म्हणूनसुद्धा कुणाला पाठवू नका, फोन घेऊन स्वतः जा. आपल्या गोष्टीतला साखरपुड्याचा फोटो अश्लील नाही. तिथे मानहानीचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चा मार्ग आहे, पण तो दंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार करण्याचा लांबचा रस्ता आहे. तोवर बसमधला माणूस विचारतच राहतो. म्हणून अशा वेळी यादीचा रस्ता आधी धरावा असं मला वाटतं. आधी ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा, म्हणजे पुढे तक्रार करायची वेळ आली तर हातात काही असेल. मग फोटो कुणाकडून कुणाकडे गेला त्याची यादी करावी. आणि मग ज्याने बनवला त्याने मूळ फोटोसह, स्वतःच्या नावाने, त्याच वाटेने खुलासा पाठवावा. ज्यांनी पुढे पाठवला त्यांनीही आपापल्या ग्रुपवर तो टाकावा. क्रिकेटच्या ग्रुपवर ज्याने फोटो टाकला त्याचाच शब्द तिथे चालतो, अनोळखी माणसाचा खुलासा कोण वाचतं?

या रस्त्याला मर्यादा आहे आणि ती मी गोष्टीतून मुद्दाम काढली नाही. अकरापैकी दोन ठिकाणी तो पोहोचला नाही. कधीच पोहोचणार नाही. सभेत एकाने सुचवलं, "बाई, शेवट गोड करा, सगळीकडे खुलासा पोहोचला असं सांगा." मी नाही म्हटलं. मुलांना ते दोन कळलेच पाहिजेत.

चौथीच्या वर्गात ॲपची गरज नाही. मी एक साधा खेळ घेतला. एका मुलाला कागदावर वर्गातल्या एका मित्राचं चित्र काढायला सांगितलं, डोक्यावर मुकुट आणि हातात लाडू. खाली त्याने लिहिलं, "हा आमच्या नाटकातला राजा." मग ओळ दुमडली आणि चित्र एकेकाच्या हातून पुढे दिलं. प्रत्येकाने कानात सांगायचं, चित्रात काय चाललंय. सातव्या मुलापर्यंत पोहोचेस्तोवर "याने लाडू चोरला" असं झालं होतं. सगळे खूप हसले. मग ज्याचं चित्र होतं त्याला विचारलं, कसं वाटलं? तो म्हणाला, "पहिल्यांदा मजा आली. नंतर सगळे चोर म्हणायला लागले." मग मी विचारलं, चोर कुणी केला? वर्ग गप्प झाला. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, चित्र काढणाऱ्याने नाही. आम्ही केला."

त्या दिवशी मी फळ्यावर दुसरं काही लिहिलं नाही. दुमडलेली ओळ उलगडली आणि चित्र उलट्या क्रमाने, सातव्यापासून पहिल्यापर्यंत, परत पाठवलं. प्रत्येकाने पुढच्याला ती ओळ मोठ्याने वाचून दाखवायची होती. एक मुलगा मधल्या वेळेत घरी गेला होता. त्याच्याकडे ओळ पोहोचली नाही. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मित्राला "ए चोर" म्हणाला, आणि मुलांनीच त्याला ती ओळ सांगितली.

पालकहो, घरी ही गोष्ट सांगाल तेव्हा मुलांना "त्या मुलाला काय शिक्षा व्हावी?" असं विचारू नका. "ग्रुपवर तू असतास तर सव्वानऊला काय केलं असतंस?" असं विचारा. आणि उत्तर ऐकल्यावर आपल्याच फोनमधला शेवटचा फॉरवर्ड उघडून बघा, तो आपण कुणाकडून घेतला आणि कुणाला दिला.